तेराशे पोती, पाच केंद्रं आणि सव्वीसशेची मागणी

मृगाचा पहिला पाऊस पडून दोन दिवस झाले होते. आमच्या मुख्य गोदामात डीएपी खताची १३०० पोती होती आणि पाच विक्री केंद्रांकडून आलेली मागणी २६०० पोत्यांची होती. पुढची गाडी दहाएक दिवसांनी येईल असं कळलं होतं, पण लेखी काही नव्हतं. देशात लागणाऱ्या डीएपीचा मोठा भाग बाहेरून येतो. त्यामुळे तुटवडा असला की जिल्ह्याला कधी, किती मिळेल हे आमच्यासारख्या शेतकरी संस्थेच्या हातात नसतं. आमच्या हातात एवढंच होतं, की असलेली पोती पाच ठिकाणी कशी वाटायची. वाटपाचा तक्ता मी करतो, म्हणून त्या हंगामात काय केलं, काय जमलं आणि कुठे चुकलो ते इथे सविस्तर लिहितो आहे.

डीएपीची एक गोष्ट आधी सांगायला हवी. हे खत पेरणीसोबत जमिनीत जातं. युरियासारखं आठ दिवसांनी आणून वरून टाकलं तरी चालेल असं त्याचं नाही. पाऊस झाला, वाफसा आला, की शेतकऱ्याकडे चार-पाच दिवस असतात. त्या दिवसांत पोतं मिळालं नाही, तर नंतर मिळालेलं पोतं त्याच्या त्या पेरणीच्या कामाचं उरत नाही. म्हणून एका केंद्रात पोती पडून राहिली आणि दुसऱ्या केंद्रावर माणसं रिकाम्या हाताने परतली, तर ते नुकसान पुढच्या गाडीने भरून निघत नाही.

केंद्रांची खरी नावं देत नाही, ओळखीसाठी अशी म्हणू: तालुक्याच्या बाजारपेठेतलं ‘बाजार’, नदीच्या पट्ट्यातलं ‘नदीकाठ’, डोंगरातलं ‘घाट’, हमरस्त्यावरचं ‘फाटा’ आणि कोरडवाहू भागातलं ‘माळ’. वाटपाच्या सकाळी त्यांची स्थिती अशी होती:

| केंद्र | रोजची विक्री (पोती) | हातातला साठा | मागणी |
|---|---|---|---|
| बाजार | ६० | ९० | ९०० |
| नदीकाठ | ४० | २०० | ४०० |
| घाट | २० | २० | २५० |
| फाटा | ३० | ० | ८०० |
| माळ | १० | १९० | २५० |

मागणीच्या प्रमाणात वाटलं असतं तर

आदल्या वर्षापर्यंत आमची पद्धत सोपी होती. मागणीच्या निम्मा माल असेल, तर प्रत्येकाला मागणीच्या निम्मा. ऐकायला यात अन्याय दिसत नाही आणि कुणाशी वादही होत नाही. या वेळी १०० पोती राखून १२०० वाटायची ठरवली होती. त्याच पद्धतीने गेलो असतो तर बाजारला ४१५, नदीकाठला १८५, घाटला ११५, फाट्याला ३६९ आणि माळाला ११५ पोती गेली असती; पूर्णांकामुळे उरलेलं एक पोतं कुणालाही.

आता हीच पोती दिवसांत मोजून पाहा. घाटाचा आधीचा साठा धरून तिथे माल पावणेसात दिवस पुरला असता. बाजारला साडेआठ दिवसांच्या आत संपला असता. फाट्याला बारा दिवस पुरला असता. आणि माळाकडे तीस दिवसांचा साठा झाला असता. पोत्यांचं प्रमाण सारखं, पण शेतकऱ्याला पोतं मिळण्याची शक्यता चौपट-पाचपट वेगळी.

हे असं होण्याचं कारण मागणीच्या आकड्यातच आहे. फाट्याची दहा दिवसांची विक्री ३०० पोत्यांची, आणि मागणी ८००. केंद्रप्रमुखाला मी फोनवर विचारलं तेव्हा त्याने सरळ सांगितलं, “साहेब, मागच्या वर्षी चारशे मागितली तर दोनशे आली. यंदा आठशे मागितली तर चारशे तरी येतील.” त्याला मी दोष देत नाही. ही सवय आमच्याच वाटपाने लावली होती. निम्मं मिळतं म्हटल्यावर दुप्पट मागणारा शहाणा ठरतो, आणि घाटासारखा खरी गरज लिहिणारा उपाशी राहतो. दोन हंगाम असं झालं की कुणाचाच आकडा खरा राहत नाही.

म्हणून या वेळी मागणीचा आकडा आम्ही वाटपाचा पाया म्हणून घेतला नाही. तो फक्त वरची मर्यादा म्हणून ठेवला: मागितलं त्याहून जास्त कुणाला द्यायचं नाही, आणि हिशेबात कुणाचा वाटा मागणीच्या वर गेला तर जास्तीचा भाग बाकीच्यांत पुन्हा वाटायचा. यंदा तशी वेळ आली नाही.

सगळ्यांचा माल एकाच दिवशी संपावा

पाया म्हणून घेतले ते दिवस. गोदामातला वाटायचा माल आणि केंद्रांवर आधीच असलेला माल एकत्र धरायचा, सगळ्यांच्या रोजच्या विक्रीच्या बेरजेने भागायचं, आणि जे दिवस येतील तेवढा साठा प्रत्येकाकडे होईल अशी पोती पाठवायची. केंद्रावरच्या साठ्यात वाटेवर असलेली गाडीही धरायची. नाहीतर बिल्टी फाडलेला माल दोनदा मिळतो. साठ्याचा आकडा ई-पॉस मशीनवरचा घेतला आणि हमालाला थप्पी मोजायला सांगून त्याच्याशी जुळवला. जिथे तीन-चार पोत्यांपेक्षा जास्त फरक दिसला तिथे आधी फरक शोधला, मग वाटपाला बसलो.

पाचही केंद्रांचा साठा ५००, त्यात १२०० मिळवून १७००. रोजची एकूण विक्री १६०. भागाकार १०.६ दिवस. इथे पहिला खड्डा आहे आणि नवखा माणूस हमखास त्यात पडतो. माळाकडे आधीच १९ दिवसांचा साठा आहे. १०.६ दिवसांच्या हिशेबाने त्याचा वाटा उणे ८४ पोती येतो. उणे वाट्याचा अर्थ तिथून माल परत आणायचा. आपण काही तो आणत नाही, म्हणून तक्त्यात तिथे शून्य टाकतो आणि पुढे जातो. पण मग बाकीच्या चौघांच्या वाट्यांची बेरीज १२८४ होते आणि गोदामातून द्यायची आहेत १२००. ती ८४ पोती कागदावर आहेत, थप्पीत नाहीत. गाडी भरताना शेवटच्या केंद्राला ती कमी पडतात, आणि कुणाला कमी पडणार हे त्या दिवशीच्या गाडीच्या क्रमावर ठरतं.

योग्य रीत अशी: ज्याच्याकडे सरासरीहून जास्त दिवसांचा माल आहे त्याला हिशेबातूनच बाहेर काढायचं, त्याचा साठाही आणि त्याची विक्रीही, आणि उरलेल्यांचा भागाकार नव्याने करायचा. नव्या आकड्यावर आणखी कुणी बाहेर पडतंय का ते पुन्हा पाहायचं. आमच्या तक्त्यात केंद्रं २ ते ६ ओळींत आहेत, विक्री B मध्ये, साठा C मध्ये, आणि D मध्ये हिशेबात असलेल्याला १, नसलेल्याला ०:

```
=(1200+SUMPRODUCT(C2:C6,D2:D6))/SUMPRODUCT(B2:B6,D2:D6)
```

माळ बाहेर काढल्यावर साठा ३१०, त्यात १२०० मिळवून १५१०, विक्री १५०. म्हणजे १०.०७ दिवस. मग बाजारला ५१४, नदीकाठला २०३, घाटला १८१, फाट्याला ३०२. बेरीज बरोबर १२००. घाटाने २५० मागून १८१ मिळवली, बाजारने ९०० मागून ५१४ आणि फाट्याने ८०० मागून ३०२. त्या दिवशी सगळ्यांत कमी तक्रार करणारं केंद्र घाट होतं.

फाट्याचे तीस कुठून आले

या सगळ्या गणितात रोजच्या विक्रीचा आकडा चुकला तर पुढचं काहीच बरोबर येत नाही, आणि तुटवड्यात नेमका तोच आकडा खोटा बोलतो. संगणकाने फाट्याची मागच्या ३० दिवसांची सरासरी १६ पोती दाखवली होती. मी ती तशीच घेणार होतो. मग विक्रीची वही दिवसवार उघडली. त्या ३० दिवसांत फाट्याकडे माल होता फक्त १२ दिवस. बाकीचे १८ दिवस विक्री शून्य, कारण विकायला पोतंच नव्हतं. संगणकाला रिकामं गोदाम आणि न आलेलं गिऱ्हाईक यांतला फरक कळत नाही.

१६ धरून वाटप केलं असतं तर फाट्याला १७८ पोती गेली असती. तक्त्यावर ती अकरा दिवस पुरणार होती, प्रत्यक्षात सहा दिवसही नाही. त्यानंतरचे दिवस पुन्हा शून्य विक्रीचे, म्हणजे पुढच्या महिन्याची सरासरी आणखी खाली आणि वाटा आणखी लहान. एखादं केंद्र हळूहळू मरतं ते असंच, आणि कागदावर कारण लिहिलेलं असतं ‘विक्री कमी’.

पण माल असलेल्या १२ दिवसांची सरासरीही जशीच्या तशी घेता येत नव्हती. त्या बारा दिवसांत ४८० पोती गेली, म्हणजे दिवसाला ४०. वहीत बारकाईने पाहिलं तर त्यातली १८० पहिल्या दोन दिवसांत गेलेली. खत आल्याची बातमी पसरली आणि थांबून राहिलेले सगळे एकदम आले. ती गर्दी रोजची नव्हे. ते दोन दिवस सोडून उरलेल्या दहा दिवसांत ३०० पोती गेली, म्हणून ३०. माझ्या मते तुटवड्यात वाटप करणाऱ्याचा सर्वांत जास्त वेळ या वहीत जायला हवा. बाकीचा हिशेब पाच मिनिटांचा आहे.

या पद्धतीची एक मर्यादा मला तेव्हाही दिसत होती. विक्रीवर वाटलं की जिथे आधीपासून जास्त विकलं जातं तिथेच जास्त जातं. एखाद्या केंद्रावर दोघं-चौघं मोठे बागायतदार आधीच साठवून ठेवत असतील, तर त्यांची साठवणही ‘विक्री’ म्हणून मोजली जाते. हंगामाच्या सुरुवातीला, विक्रीची वही कोरी असताना, मी केंद्राखालचं पेरणीचं क्षेत्र धरतो. पाऊस पडून विक्री सुरू झाली की वहीवर येतो. आणि दोन्ही वेळी काउंटरवर प्रत्येक खातेदाराला किती पोती द्यायची याची मर्यादा असावीच लागते. ती नसेल तर केंद्रांमध्ये केलेलं न्याय्य वाटप केंद्राच्या दारातच विस्कटतं.

पाचवा दिवस

वाटा ठरला म्हणून सगळा माल त्याच दिवशी हलवला नाही. घाटाला पावसात गाडी रोज जात नाही, म्हणून त्यांची १८१ एकदम पाठवली. नदीकाठची २०३ आणि फाट्याची ३०२ सुद्धा एकाच फेरीत गेली. बाजार गोदामापासून सर्वांत जवळ, तिथे दुपारी फोन आला तर संध्याकाळी गाडी पोहोचते. म्हणून त्यांच्या ५१४ पैकी २६४ पाठवली आणि २५० गोदामातच ठेवली. एकदा केंद्रावर उतरलेलं पोतं परत आणायचं म्हणजे दुहेरी हमाली, दुहेरी भाडं आणि मशीनवरच्या नोंदी बदलण्याचा व्याप. गोदामात थांबलेलं पोतं मात्र कुठेही जाऊ शकतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी पुन्हा आकडे मागवले. नदीकाठ, घाट आणि माळ अपेक्षेप्रमाणे चालले होते. बाजारची विक्री ६० वरून ५० वर आली होती. फाट्याकडे चांगला पाऊस झाला होता आणि विक्री ४२ वर गेली होती. बाजारकडे १०४ पोती, फाट्याकडे ९२. दोघांनाही दोन दिवसांपुरता माल. गोदामात बाजारची २५० आणि राखीव १००, अशी ३५०.

पुन्हा तोच भागाकार केला. चार केंद्रांचे ५.६ दिवस आले, आणि त्यात नदीकाठला २१ व घाटाला ११ पोती दिसली. अकरा पोत्यांसाठी डोंगरात गाडी पाठवणं म्हणजे भाडं पोत्याच्या अंगावर घेणं. आम्ही २५ पोत्यांखालची फेरी करत नाही. त्या दोघांकडे तसाही पाच दिवसांचा माल होता, म्हणून त्यांना बाजूला ठेवून ३५० पोती बाजार आणि फाटा यांच्यात वाटली: बाजारला १९३, फाट्याला १५७. दोघांकडेही सहा दिवसांना थोडा कमी इतका साठा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाजारच्या केंद्रप्रमुखाचा फोन आला. “माझ्या नावावरची अडीचशे पोती होती. त्यातली सत्तावन्न फाट्याला कशी गेली? मी इथे लोकांना शब्द दिलाय.” त्याचं बरोबर होतं. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना वाट्याचा पूर्ण आकडा कळवला होता आणि त्याने ५१४ पोत्यांच्या भरवशावर गावोगाव निरोप दिले होते. आकडा बदलू शकतो हे मला ठाऊक होतं, पण मी ते लिहिलं नव्हतं. आता पत्रात दोन वेगळ्या ओळी असतात: ‘आज निघणारी पोती’ आणि ‘अंदाजे पुढची, पाचव्या दिवशी ठरेल’. दुसऱ्या ओळीवर कुणाला शब्द देऊ नये असं खाली लिहिलेलं असतं.

आकड्यांच्या बाजूने पाहिलं तर हे वाटप जमलं. नदीकाठ आणि घाट इथला माल दहाव्या दिवशी संध्याकाळी संपला, बाजार आणि फाटा इथला अकराव्या दिवशी संध्याकाळी. पुढची गाडी बाराव्या दिवशी लागली. चार केंद्रं एकमेकांपासून एका दिवसाच्या अंतराने रिकामी झाली, आणि सर्वांत जास्त वेळ रिकामं राहिलेलं केंद्रही एखाद-दीड दिवसच तसं होतं.

माळ

पाचव्या केंद्राचं मात्र मी चुकलो.

माळाकडे १९ दिवसांचा साठा आहे असं मी पहिल्या दिवशी म्हटलं, ते रोजच्या १० पोत्यांच्या हिशेबाने. ती दहा का होती हे मी विचारलंच नाही. फाट्याच्या वहीत जी चूक मी शोधून काढली, तिचंच दुसरं रूप इथे माझ्या समोर होतं. फाट्याला माल नव्हता म्हणून विक्री कमी दिसत होती. माळावर पाऊस नव्हता म्हणून विक्री कमी होती. बाकी सगळीकडे पाऊस झाला होता, तो पट्टा तेवढा कोरडा होता. पेरणीसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या असं कृषी विभाग सांगतो, आणि तिथले शेतकरी तेच करत थांबले होते. दहा पोती नेणारे ते धूळपेरणीवाले आणि विहिरीवाले होते. बाकीचं गाव आभाळाकडे बघत होतं.

सहाव्या दिवशी संध्याकाळी माळावर पाऊस झाला. सातव्या दिवशी जमीन चिखल होती, विक्री दहाच. आठव्या दिवशी वाफसा आला आणि एका दिवसात ७० पोती गेली. नवव्या दिवशी दुपारपर्यंत शेवटची ५० संपली. केंद्रप्रमुखाने फोन केला तेव्हा मागे लोकांचा आवाज ऐकू येत होता. गोदामात एकही पोतं नव्हतं. राखीव शंभर मी पाचव्या दिवशी देऊन बसलो होतो.

ती शंभर राखून बाजार आणि फाट्याला फक्त २५० वाटली असती, तर त्या दोघांना सहाऐवजी पाच दिवसांचा माल मिळाला असता. म्हणजे तेही नदीकाठ आणि घाटाबरोबरच, दहाव्या दिवशी संपले असते. माळाला त्या शंभर पोत्यांनी दीड दिवस निघाला असता. पेरणीच्या चार-पाच दिवसांच्या खिडकीत दीड दिवस लहान नाही. हा हिशेब मी नंतर कितीतरी वेळा मांडला.

तीन दिवस माळाच्या केंद्रावर डीएपी नव्हतं. तिथल्या केंद्रप्रमुखाने जे करता येतं ते केलं. डीएपीच्या एका पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असतं. सिंगल सुपर फॉस्फेटची तीन पोती घेतली तर २४ किलो स्फुरद मिळतं, वर गंधकही येतं, आणि नत्रासाठी युरियाचं अर्धं पोतं सोबत घेता येतं. त्याच्याकडे सुपरच्या थप्प्या लागलेल्या होत्या. त्याने फळ्यावर खडूने हे गणित लिहिलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगितलं. सोयाबीनवाल्यांपैकी बऱ्याच जणांनी सुपर नेलं, गंधक तेलबियांना चालतंच. पण एकाऐवजी तीन पोती बैलगाडीत चढवायची, तीन पोती पाभरीपर्यंत न्यायची, हे सगळ्यांना जमलं नाही. काहींनी खताशिवाय पेरलं.

त्या हंगामानंतर वाटपाच्या तक्त्यात विक्री आणि साठा यांच्या आधी एक नवा रकाना आला आहे: ‘केंद्राखाली पेरणीचा पाऊस झाला का’. जिथे ‘नाही’ लिहिलेलं असतं तिथली विक्री मी आताची धरत नाही, त्या केंद्राने आदल्या वर्षी वाफशानंतरच्या पहिल्या आठवड्यात विकलेली पोती धरतो. त्या हिशेबाने माळाचा १९० पोत्यांचा साठा तीन दिवसांचा निघतो आणि माळ हिशेबाच्या बाहेर पडत नाही. त्याच्या वाट्याची पोती मात्र तिकडे पाऊस होईपर्यंत गोदामातच थांबतात, वेगळ्या थप्पीत, वर खडूने ‘माळ’ लिहून.